कोळशापासून कबरीपर्यंत

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ १५९७ साली पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हा मुखपृष्ठावर या शोकांतिकेला ‘कन्सीटेड’ असं विशेषण लावलेलं होतं. आजच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गर्विष्ठ, शिष्ट. प्रकाशकाने स्वतःच्याच मालाला शिष्ट का म्हणावं? कारण तेव्हाचा अर्थ वेगळा होता. ‘कन्सीट’ म्हणजे चमत्कृती, डोक्यातून निघालेली नामी कल्पना, आणि ‘कन्सीटेड’ म्हणजे कोट्या आणि शब्दचमत्कृतींनी भरलेलं. गिऱ्हाइकाने खिशात हात घालावा म्हणून लावलेली ती जाहिरात होती.

जुनं इंग्रजी नाटक वाचताना फसगत कुठे होते ते या एका शब्दात दिसतं. पार मेलेला शब्द फारसा त्रास देत नाही. तो कळत नाही हे आपल्याला कळतं, आपण तळटीप बघतो, पुढे जातो. गोंधळ घालतात ते जिवंत शब्द, ओळखीचा चेहरा घेऊन भलतंच बोलणारे. आपल्याकडेही ‘शिक्षा’ म्हणजे एके काळी शिकवण, हे विसरून जुनी पोथी वाचली की असंच होतं.

या नाटकाच्या सुरुवातीचा एक प्रसंग घेऊ. हा साधारण शंभरएक ओळींचा तुकडा बहुतेक वाचक घाईने ओलांडतात, कारण त्यांना बाल्कनीपाशी पोचायचं असतं. (नाटकात ‘बाल्कनी’ हा शब्द कुठेही नाही, हे जाता जाता. ज्युलिएट वर कुठेतरी खिडकीत आहे, एवढंच कळतं.)

त्याआधी चौदा ओळींची नांदी आहे. इटलीतल्या व्हेरोना शहरात दोन तोलामोलाची घराणी, त्यांचं जुनं वैर, त्यांच्या पोटी जन्मलेले दोन दुर्दैवी प्रेमिक, अशी सगळी गोष्ट सूत्रधार आधीच सांगून टाकतो. प्रेमिकांचा जन्म सांगताना तो ‘जीव घेतला’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग करतो. आईबापांकडून जीव घेतला, म्हणजे जन्म घेतला, हा झाला एक अर्थ. पण स्वतःचा जीव घेतला, हाही अर्थ त्याच तीन शब्दांत बसतो. नाटक सुरू व्हायच्या आत जन्म आणि आत्महत्या एकाच क्रियापदात उरकली आहे. नशिबाने ही कोटी मराठीत आपोआप उतरते.

तिच्याच शेजारची दुसरी कोटी मात्र इंग्रजांच्याही कानातून गेली आहे. तिथे ‘लॉइन्स’ असा शब्द आहे. अर्थ कंबर, पण रोख वंश चालवणाऱ्या अवयवांकडे. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी शेक्सपिअरच्या काळच्या उच्चारांची शक्य तेवढी पुनर्रचना केली आणि २००४ साली लंडनच्या ग्लोब रंगमंदिरात हे नाटक त्या उच्चारांत करून दाखवण्यात आलं. त्या उच्चारांत ‘लॉइन्स’ आणि ‘लाइन्स’ हे शब्द एकसारखे ऐकू येतात, आणि ‘लाइन’ म्हणजे वंशरेषा, घराण्याची शाखा. म्हणजे एका आवाजात दोन अर्थ होते. पुढे उच्चार फाटले आणि त्यांतला एक अर्थ बाहेर पडला. शब्द छापील पानावर जसाच्या तसा आहे. त्यामुळे इथे काही हरवलं आहे, हे नुसतं पान वाचून कुणालाही कळणार नाही.

आता पडदा वर. (तेव्हा पडदा नव्हता, पण आपली म्हण आहे.) कॅप्युलेट घराण्याचे दोन नोकर येतात, सॅम्सन आणि ग्रेगरी. हातात तलवार आणि ‘बकलर’, म्हणजे छोटी गोल ढाल. तेव्हाचे थोरामोठ्यांचे तरुण रेपिअर नावाची लांब, पातळ, टोचणारी तलवार बाळगत. ढाल-तलवार हा नोकरचाकरांचा, जुन्या वळणाचा थाट. सॅम्सन हे नाव बायबलातल्या महाबली पुरुषाचं आहे आणि हा सॅम्सन अख्खा प्रसंगभर नुसत्या बढाया मारतो. आपल्याकडे काडीपैलवानाचं नाव भीमराव असावं, तसं.

पहिल्याच ओळीत तो ग्रेगरीला बजावतो, की आपण कोळसे वाहायचे नाहीत. आजचा वाचक गोंधळतो. तलवारी घेतलेल्या माणसांचा कोळशाशी काय संबंध? ‘कोळसे वाहणे’ हा तेव्हाचा वाक्प्रचार होता. घरातलं सर्वांत हलकं, काळं काम करणे, आणि त्यावरून मुकाट्याने अपमान गिळणे. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. कोळशाच्या दलालीत हात काळे होतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. सॅम्सनला म्हणायचं आहे ते एवढंच, की आपण कुणाचं ऐकून घ्यायचं नाही.

ग्रेगरी वाक्प्रचार बाजूला सारतो आणि शब्द तेवढा उचलतो. खरंच आहे, वाहिले तर आपण ‘कॉलिअर’ ठरू. कॉलिअर म्हणजे कोळसा करणारा, विकणारा, वाहणारा. या मंडळींचं नाव दोन गोष्टींसाठी खराब होतं, अंगावरच्या काजळीसाठी आणि मापातल्या लबाडीसाठी.

तिसऱ्या ओळीत सॅम्सन समजावू पाहतो. मला म्हणायचंय, आपल्याला ‘कॉलर’ आला तर आपण तलवार उपसू. हा ‘कॉलर’ इंग्रजीत ‘सीएच’ने सुरू होतो आणि त्याचा अर्थ राग. मूळ ग्रीक शब्द पित्ताचा. युरोपातल्या जुन्या वैद्यकात शरीरात चार रस मानत. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. पिवळं पित्त वाढलं की माणूस तापट होतो, अशी समजूत. आजच्या इंग्रज विद्यार्थ्याला इथे तळटीप लागते. आपल्याला लागू नये, कारण माणूस चिडला की त्याचं पित्त खवळलं असं आपण अजूनही म्हणतो. पित्त खवळलं तर तलवार उपसू, एवढं साधं वाक्य आहे हे.

चौथ्या ओळीत ग्रेगरी वार करतो. उपसायचीच असेल तर जिवात जीव आहे तोवर ‘कॉलर’मधून मान उपसून ठेव. हा दुसरा ‘कॉलर’. स्पेलिंग वेगळं, अर्थ गळपट्टा, आणि इथे रोख फाशीच्या दोराकडे. तलवार उपसायला जाशील आणि मान अडकवून बसशील. सॅम्सनने तलवारीसाठी वापरलेलं क्रियापदच ग्रेगरीने मानेला लावलं आहे.

कोल्स, कॉलिअर, कॉलर, कॉलर. चार ओळींत आवाजाची एक साखळी कोळशापासून निघाली आणि फाशीच्या दोरापर्यंत गेली. विनोद म्हणून हे फार थोर आहे असं मला वाटत नाही. शाळेच्या मागच्या बाकावर याहून बऱ्या कोट्या होतात. पण साखळी कुठे संपते ते बघण्यासारखं आहे. अपमान, राग, हत्यार, मरण. पुढच्या पाच अंकांचा प्रवास याच क्रमाने होणार आहे, आणि तो दोन रिकामटेकड्या नोकरांच्या तोंडून, कुणाच्या लक्षात न येता, आधीच सांगून झाला आहे.

पुढच्या काही ओळी ‘मूव्ह’ या शब्दाभोवती फिरतात. सॅम्सन म्हणतो, मला कुणी ‘मूव्ह’ केलं, म्हणजे डिवचलं, की मी झटकन हात उगारतो. ग्रेगरी उत्तरतो, खरं, पण तू झटकन ‘मूव्ह’ होतोस कुठे? मग सॅम्सन जोर चढवतो, शत्रूच्या घरचं कुत्रं दिसलं तरी माझं डोकं हलतं. ग्रेगरीचं तर्कशास्त्र तयारच असतं. हलणं म्हणजे जागा सोडणं, शूर माणूस जागीच उभा राहतो, तेव्हा तू हललास याचा अर्थ तू पळालास! दर वेळी चाल तीच. सॅम्सन लाक्षणिक अर्थाने बोलतो, ग्रेगरी शब्दशः अर्थ धरतो, आणि प्रत्येक बढाईतून पळपुटेपणा बाहेर काढतो. ही चाल एकदा पकडली की पुढच्या ओळी अर्ध्या सुटतात.

मग भिंत येते. सॅम्सन म्हणतो, माँटेग्यूंच्या घरचा पुरुष असो वा पोरगी, मी भिंतीची बाजू घेणार. इथे शब्द सगळे सोपे आहेत, हरवली आहे ती वस्तुस्थिती. तेव्हाच्या अरुंद रस्त्यांतून घाण पाण्याचं गटार वाहत असे आणि भिंतीलगतची कडा त्यातल्या त्यात कोरडी. समोरून मोठा माणूस आला की त्याला भिंतीची बाजू द्यायची आणि आपण गटाराकडे सरकायचं, ही रीत. भिंत बळकावणं म्हणजे उघड अपमान. यावर ग्रेगरी एक म्हण फेकतो, की दुबळा असतो तोच भिंतीला जातो, म्हणजे मागे रेटला जातो. म्हणून भिंत मागणारा सॅम्सन दुबळा.

इथून संवाद घसरतो. बायबलात स्त्रीला पुरुषापेक्षा नाजूक ‘पात्र’ म्हटलं आहे. त्याचा आधार घेऊन सॅम्सन म्हणतो, की मग पुरुषांना भिंतीपासून ढकलीन आणि पोरींना भिंतीकडे. मुलींची डोकी उडवीन म्हणताना तो ‘मेडनहेड’ या शब्दावर येतो. त्यात ‘हेड’ ऐकू येतं, पण अर्थ कौमार्य. (हा ‘हेड’ मुळात डोक्याचा नाहीच. तो आपल्या ‘पण’सारखा प्रत्यय आहे, ‘मोठेपण’मधला.) कोणत्या ‘सेन्स’ने घ्यायचं ते घे, असं तो म्हणतो आणि ग्रेगरी ‘सेन्स’चा दुसरा अर्थ, शरीराची जाणीव, पुढे करतो. चतुराई आहे, पण बोलणं बलात्काराचं आहे. आज नाट्यगृहात इथे हशा पिकत नाही याचं कारण जुनं इंग्रजी नव्हे. तळटिपा लिहिणारे बरेच जण ‘अश्लील श्लेष’ एवढं म्हणून पुढे जातात. माझ्या मते ते सरळ सांगावं. ज्या शहरात प्रेमाची गोष्ट घडणार आहे तिथल्या रस्त्यावर बाईबद्दल काय बोललं जातं, ते नाटककाराने आधी ऐकवलं आहे.

सॅम्सन स्वतःच्या देहाची तारीफ करतो, तेव्हा ग्रेगरी म्हणतो, बरं झालं तू मासा नाहीस, असतास तर ‘पुअर जॉन’ झाला असतास. गरीब बिचारा जॉन कोण, हे पात्रांच्या यादीत शोधून सापडत नाही. ते सुक्या माशाचं नाव आहे. हेक जातीचा मासा खारवून सुकवलेला, स्वस्त, चिवट, उपासाच्या दिवसांत गरिबाच्या पानातला. कोकणातल्या वाचकाला हा टोमणा समजावण्याची गरज नाही. एखाद्या किडकिडीत बढाईखोराला सुका बोंबील म्हणून बघा.

आता समोरून माँटेग्यूंची माणसं येतात आणि सॅम्सनचा आवाज बदलतो. तू भांडण काढ, मी पाठीशी आहे, असं तो ग्रेगरीला म्हणतो. पाठ दाखवून पळायला का, असं ग्रेगरी विचारतो. त्यावर सॅम्सन म्हणतो ते आजच्या अर्थाने ‘मला भिऊ नकोस’ असं वाटतं. तेव्हाचा अर्थ ‘माझी काळजी करू नकोस’. ग्रेगरी मुद्दाम पहिला अर्थ घेऊन उडवून लावतो, मी आणि तुला भिणार! या उत्तरात एक ‘मॅरी’ येतो. प्रेमविवाहाच्या नाटकात हा शब्द दिसला की विद्यार्थी लग्न शोधू लागतात. पण तो ‘मेरी’चा, येशूच्या आईचा, झिजलेला उच्चार. ‘आईशप्पथ’ म्हणताना आपण कुठल्या आईची शपथ घेतो याचा विचार करत नाही, तसाच तोही तोंडातून नुसता निसटतो.

मग तो प्रसिद्ध अंगठा. सॅम्सन अंगठा चावतो. रँडल कॉटग्रेव्हच्या १६११ सालच्या फ्रेंच-इंग्रजी कोशात अशा हावभावाचं वर्णन आहे. अंगठ्याचं नख वरच्या दातांमागे अडकवायचं आणि झटक्याने सोडून ‘टक्’ असा आवाज काढायचा. अर्थ शिवीचा. समोरचा विचारतो, आमच्याकडे बघून चावलात का? सॅम्सन आधी हळूच ग्रेगरीला विचारतो, हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूला राहील का? ग्रेगरी नाही म्हणतो. तेव्हा सॅम्सन उत्तर देतो, की तुमच्याकडे बघून नाही, पण अंगठा मात्र चावतोय. इथे एकही अवघड शब्द नाही, आणि इथेच पूर्ण प्रसंगातला सर्वांत टिकाऊ विनोद आहे. दर वाक्याला ‘सर’ चिकटवलेला आहे, आणि प्रत्येक ‘सर’ आधीच्यापेक्षा उद्धट ऐकू येतो. आपल्याकडचं ‘साहेब’ भांडणात कसं वापरतात ते आठवावं.

तलवारी निघतात. माँटेग्यूंचा बेन्व्होलिओ त्यांना थोपवायला आपली तलवार उपसतो आणि तेवढ्यात कॅप्युलेटांचा टिबाल्ट येतो. नाटकातली सर्वांत दाट कोटी त्याच्या पहिल्याच बोलण्यात, दोन शब्दांत आहे. या ‘हार्टलेस हाइंड्स’मध्ये तलवार उपसतोस? आजच्या वाचकाला ‘हार्टलेस’ म्हणजे निर्दय वाटतं. तेव्हाचा अर्थ काळीज नसलेला, म्हणजे भित्रा. ‘हाइंड’ म्हणजे नोकर, गडी. भित्रे गडी, इथवर ठीक. पण ‘हाइंड’ म्हणजे हरणाची मादी, आणि ‘हार्ट’ याच उच्चाराचा, वेगळ्या स्पेलिंगचा शब्द म्हणजे नर हरिण. म्हणून दुसरा अर्थ, नर नसलेल्या हरिणींचा कळप. मराठीत दोन्ही एकत्र आणायचा मी बराच प्रयत्न केला आणि सोडून दिला. नोकर आणि हरिणी एका शब्दात बसवणारी भाषा ती एकच.

मराठी वाचकाच्या हातात मात्र एक गोष्ट आहे जी आजच्या इंग्रजाकडे उरलेली नाही. तू आणि तुम्ही. त्या काळच्या इंग्रजीत ‘दाउ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. पुढे ‘दाउ’ गेला आणि सगळ्यांना सरसकट ‘यू’ आलं. त्यामुळे इंग्रज वाचकाला जो फरक कोशात बघून लक्षात ठेवावा लागतो, तो आपल्याला कानाने कळतो. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीचं भांडण बघा. टिबाल्ट आणि रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आधी एकमेकांना तुम्ही म्हणतात, तोंडदेखली सभ्यता पाळून. मग टिबाल्ट एकदम तूवर उतरतो. तू रोमिओबरोबर ‘कन्सॉर्ट’ करतोस, म्हणजे त्याच्या संगतीत फिरतोस. मर्क्युशिओ तोच शब्द उचलतो, कारण ‘कन्सॉर्ट’ म्हणजे वादकांचा ताफाही. आम्ही काय बाजेवाले वाटलो, म्हणत तो आपली तलवार व्हायोलिनचा गज म्हणून दाखवतो. खानदानी माणसाला भाडोत्री वाजंत्री म्हणणं ही शिवी होती.

रोमिओ येतो तेव्हा टिबाल्ट त्यालाही तू म्हणतो, आणि ‘व्हिलन’ म्हणतो. त्या शब्दाची मुळं ‘खेड्यातला कुळवाडी’ या अर्थापर्यंत जातात, म्हणून तो खानदानी माणसाला दुप्पट झोंबतो. रोमिओ उत्तर देतो तेही तू म्हणूनच. पण त्याने नुकतंच गुपचूप ज्युलिएटशी लग्न केलेलं आहे आणि टिबाल्ट तिचा आत्तेभाऊ की मामेभाऊ, असा जवळचा नातलग. टिबाल्टचा तू तुच्छतेचा, रोमिओचा तू घरच्या माणसाचा. शब्द एकच. टिबाल्टला तो फरक कळू शकत नाही, कारण लग्नाची बातमी त्याला नाही. प्रेक्षकाला आहे.

याच जातीचा एक गैरसमज खिडकीच्या प्रसंगातला आहे, म्हणून इथेच उरकतो. ज्युलिएट अंधारात रोमिओचं नाव घेऊन ‘व्हेअरफोर’ म्हणते, आणि रोमिओ कुठे लपलाय हे ती शोधते आहे असं शेकडो विडंबनांनी जगाला शिकवलं. ‘व्हेअरफोर’ म्हणजे कुठे नव्हे, का. ‘देअरफोर’ म्हणजे म्हणून, त्याची प्रश्नार्थक जोडी ‘व्हेअरफोर’, जशी आपल्याकडे तेव्हाला केव्हा. तो खाली बागेत उभा आहे हे तिला माहीतच नाही. तिचा प्रश्न असा, की तू रोमिओच का असावास, या नावाचा, या घराण्याचा.

आता पुन्हा रस्त्यावर. मर्क्युशिओ आणि टिबाल्ट लढतात, रोमिओ मध्ये पडतो, आणि त्याच्या हाताखालून टिबाल्टची तलवार मर्क्युशिओला लागते. लागलं का, असं विचारल्यावर तो म्हणतो, ‘स्क्रॅच’. खरचटलंय. टिबाल्ट हे नाव जुन्या कोल्ह्याच्या कथांतल्या बोक्याशी जुळणारं, आणि मर्क्युशिओ त्याला आधीपासून मांजरांचा राजपुत्र म्हणून चिडवत आलेला. तेव्हा मराठीत खरचटलं म्हणू नये, बोचकारलं म्हणावं.

रोमिओ धीर देतो, जखम मोठी नसणार. कारण हा माणूस कायम थट्टाच करतो, आताही करतोय, असं मित्रांना वाटतं. त्यावर मर्क्युशिओ म्हणतो, की उद्या माझी चौकशी केलीत तर मी ‘ग्रेव्ह’ माणूस झालेला दिसेन. ‘ग्रेव्ह’ म्हणजे गंभीर, आणि ‘ग्रेव्ह’ म्हणजे कबर. सॅम्सनच्या कोळशापासून दोराकडे गेलेली वाट इथे जमिनीत उतरते.

भाषांतर करणारे इथे अडखळतात, कारण ‘गंभीर’मध्ये कबर नाही आणि ‘कबर’मध्ये गांभीर्य ऐकू येत नाही. माझ्या आजीच्या पिढीत माणूस गेला असं म्हणायची छाती नसे, ‘पहाटे शांत झाले’ म्हणत. मर्क्युशिओसारखा अखंड बडबडणारा माणूस, पोटावर हात दाबून, उद्या आपण अगदी शांत झालेले असू असं मित्रांना सांगतो आहे. मित्र तो शब्द ऐकतात आणि अजून हसतच असतात.